थेंब नेमका कुठून येतो?

गेल्या जुलैत राजमाचीच्या उधेवाडीत रात्री दोनच्या सुमारास कपाळावर थेंब पडला. मिनिटाभरानं दुसरा. टॉर्च मारून पाहिलं, तर टेंटच्या वरच्या फ्लायला मधोमध असलेल्या शिवणीला थेंबांची एक सरळ रांग लटकली होती. बाकीचं कापड जवळजवळ कोरडं.

ही रांगच महत्त्वाची. पावसाळ्यात सकाळी फ्लायला आतून पाणी असतंच, पण ते बहुतेक वेळा आपल्याच श्वासाचं. ते दव पडल्यासारखं सगळ्या कापडावर पसरतं आणि कितीही सीलर फासला तरी जात नाही. त्यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. गळती मात्र एका रेषेत किंवा एका ठिकाणी होते, आणि ती जागा बहुतेकदा शिवणीची निघते. सेंटीमीटरला तीन टाके धरले, तर दोन मीटरच्या दुहेरी शिवणीत सुईची हजाराहून जास्त भोकं होतात. कारखान्यात त्यांवर आतून पारदर्शक टेप गरम करून चिकटवतात. पावसाळ्यानंतर दमट राहिलेला टेंट गुंडाळून माळ्यावर टाकला आणि त्यानं एप्रिल-मे तिथल्या उकाड्यात काढले, की ही टेप सुटायला लागते. माझ्या टेंटचं तेच झालं होतं.

यंदा मे महिन्यात फ्लाय गच्चीवर नेला. दुपारी, आत कोणी नसताना, टेंट उभा करून नळीनं वीस मिनिटं पाणी मारलं आणि आत शिवणींखाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद तीन ठिकाणी भिजला. त्या जागांवर खडूनं खुणा केल्या.

सीलर विकत घेण्याआधी कापडाचा लेप ओळखावा लागतो. आतली बाजू किंचित चकचकीत आणि शिवणींवर टेप असेल, तर तो लेप पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. आपल्याकडच्या बऱ्याचशा टेंटना हाच असतो. कापड दोन्ही बाजूंनी बुळबुळीत आणि टेप कुठेच नसेल, तर सिलिकॉन. सिलिकॉनवर सिलिकॉनच धरतं, बाकी काही नाही. उलट चूक मी काही वर्षांपूर्वी केली आहे: पीयूच्या फ्लायवर नळ-बेसिनचं सिलिकॉन लावलं आणि पहिल्याच घडीला ते सापाच्या कातीसारखं निघून आलं. खात्री नसेल, तर एका कोपऱ्यात ठिपका लावावा, वाळू द्यावा आणि नखानं खरवडून पाहावा.

पीयूच्या फ्लायला सीलर आतून, लेपाच्या बाजूनं लावतात. त्यासाठी फ्लाय उलटा करून काठ्यांवर ताणून घातला, म्हणजे शिवण ताठ राहते आणि भोकं उघडतात. सुटलेली टेप हळूच ओढून काढली. घट्ट बसलेली तशीच ठेवली, ती उपटण्यात शहाणपण नाही. मग मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं शिवण पुसली, कारण जुन्या गोंदावर नवा सीलर टिकत नाही. छोट्या ब्रशनं टाक्यांच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर पातळ थर दिला. जाड थर आत ओला राहतो आणि घडीत चिकटतो. रात्रभर वाळवून वर थोडी टाल्कम पावडर चोळली.

कापडाच्या लेपाचं प्रकरण वेगळं आहे. टेंटवर लिहिलेला 1500 मिलिमीटर हा आकडा सांगतो, की त्या कापडानं दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसला पाहिजे. पण तो नव्या कापडाचा आकडा. दमट हवेत पीयू हळूहळू विघटित होतो. आधी चिकट लागतो, मग आंबट वास येतो, शेवटी कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. एखादा हातभर तुकडा असा झाला असेल, तर तो खरवडून, पुसून त्यावर पीयूचा पातळ द्रव लेप ब्रशनं देता येतो. सगळाच फ्लाय हाताला चिकटत असेल, तर माझ्या मते नवा फ्लाय घ्यावा. अख्खं कापड खरवडून पुन्हा लेपायला लागणारे दिवस आणि बाटल्या त्याहून महाग पडतात.

बाहेरच्या बाजूचं पाणी झटकणारं आवरण हा तिसराच थर. कापडावर पाणी शिंपडावं. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी शोषून घेत असेल, तर ते आवरण गेलं. लेप शाबूत असेल तर पाणी तरीही आत येत नाही, पण जड झालेलं कापड सैलावतं, आतल्या टेंटला टेकतं आणि तिथून दव अंगावर उतरतं. फ्लाय साध्या पाण्यानं, मऊ स्पंजनं धुवावा. कपड्यांची पावडर नको, तिचा उरलेला अंश उलट पाणी ओढतो. मग बाहेरून स्प्रे मारून जास्तीचा पुसून घ्यावा. हे शिवणींचं काम पूर्ण झाल्यावरच; आधी स्प्रेचे शिंतोडे शिवणीवर उडाले, तर सीलर तिथे धरत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा नळी लावली. मधली शिवण कोरडी राहिली. कागदावर एकच डाग होता, दारापाशी, जिथे दोरीचा लूप कापडाला शिवला आहे. तिथे टेप कधी लावलेलीच नव्हती.