पोळपाटाखाली बाटलीचे रिव्ह्यू

लाकडी पोळपाटाच्या पानावर कुणीतरी एकच तारा देऊन लिहिलंय, ‘झाकण गळतं, बॅग भिजली.’ त्याखालचा खरेदीदार पाच तारे देऊन सांगतो की संध्याकाळपर्यंत पाणी गार राहतं. पोळपाट घ्यायला आलेल्या माणसाला यातून काहीच कळत नाही. दुकानदारालाही फोटोखाली दिसणारे 4.3 तारे नेमके कशाचे, हे सांगता येत नाही.

ॲमेझॉनवर असा घोळ होतो तो ‘व्हेरिएशन फॅमिली’मुळे. एकाच वस्तूचे आकार किंवा रंग वेगवेगळे असले की ते एका पानावर दाखवायची सोय असते. वर एक ‘पॅरेंट’ असतो. तो नुसता नावाचा, त्याला किंमत नाही, साठा नाही आणि तो विकतही घेता येत नाही. त्याच्याखाली विकायच्या खऱ्या वस्तू, म्हणजे ‘चाइल्ड’. अर्ध्या लिटरची बाटली आणि एक लिटरची बाटली ही रास्त भावंडं. त्यांचे तारे आणि रिव्ह्यू एकत्र दिसतात, आणि दिसावेतही. पण त्याच पॅरेंटला पोळपाट जोडला, की बाटलीची सगळी पुण्याई आणि सगळी पापं पोळपाटाच्या वाट्याला येतात.

कधी हे एक्सेलच्या फाइलमधल्या चुकीने होतं. नवा माल चढवताना जुनी ओळ कॉपी केली आणि Parent SKU हा रकाना तसाच राहिला, एवढं पुरतं. कधी मात्र ते मुद्दाम केलं जातं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी 2023 मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या ‘द बाउंटिफुल कंपनी’विरुद्ध अशी पहिली कारवाई जाहीर केली. कंपनीने आपली नवी उत्पादनं वेगळ्या घटकांच्या, आधीच खपणाऱ्या उत्पादनांशी ॲमेझॉनवर जोडून घेतली होती. त्यामुळे कुणी वापरूनही न पाहिलेल्या गोळ्यांखाली दुसऱ्याच गोळ्यांचे तारे झळकले. प्रकरण 6 लाख डॉलरवर मिटलं. पोटात जाणाऱ्या वस्तूबाबत असं करणं ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

दुरुस्तीआधी रोग ओळखावा लागतो. फॅमिलीतल्या रिव्ह्यूवर सहसा एक बारीक ओळ असते: रंग अमुक, आकार तमुक. गळक्या झाकणाच्या तक्रारीवर ‘1 लिटर’ असं दिसलं, तर तो रिव्ह्यू बाटलीच्याच एएसआयएन क्रमांकावर नोंदलेला आहे, पोळपाटाखाली फक्त दिसतोय. अशी फॅमिली फोडली की तो आपल्या जागी जातो. पण जुन्या बाटलीच्या पानावरचं नाव आणि फोटो बदलून तिथेच पोळपाट विकायला काढला असेल, तर फोडण्यासारखं काही नसतंच, कारण रिव्ह्यू त्याच क्रमांकाला चिकटलेले आहेत. तिथे त्या क्रमांकावर मूळ बाटलीची माहिती परत आणून पोळपाटासाठी नवं पान काढावं लागतं.

पहिल्या प्रकारातलं काम समजा असं आहे: पॅरेंट BTL-P, त्याखाली BTL-500, BTL-1000 आणि घुसलेला POLPAT-9. आधी तिन्ही मालांची सगळी माहिती उतरवून ठेवायची. मग फाइलमधून फक्त BTL-P ही ओळ Delete म्हणून पाठवायची. घाईत चाइल्डची ओळ Delete झाली, तर विक्रीची लिस्टिंगच जाते आणि ॲमेझॉनच्या गोदामातला माल अडकून पडतो. पॅरेंट गेला की तिन्ही वस्तू सुट्या होतात. त्याला काही तास, कधी दिवसभर लागतो, तेवढा धीर धरायचा. मग BTL-P2 अशा नव्या नावाने पॅरेंट काढायचा, Variation Theme मध्ये आकार निवडायचा आणि फक्त दोन बाटल्या जोडायच्या. पोळपाट एकटाच राहू द्यायचा.

बरेच विक्रेते ठेचकाळतात ते एका जागी. पॅरेंट न काढता पोळपाटाच्या ओळीतला Parent SKU रिकामा करून ते Partial Update पाठवतात आणि काहीच हलत नाही. या पद्धतीत रिकामा रकाना म्हणजे ‘आहे ते राहू दे’.

एवढं करूनही पानं चिकटलेली राहिली, तर त्या जोडणीत बहुधा दुसऱ्या कुणा विक्रेत्याने दिलेल्या माहितीचाही हात असतो. मग सेलर सपोर्टकडे तक्रार नोंदवायची. तिन्ही एएसआयएन, बाटली आणि पोळपाट वेगळे असल्याचं दाखवणारे पॅकिंगचे खरे फोटो आणि चुकीच्या जागी पडलेल्या दोन-तीन रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट जोडले, तर बोलणं मुद्द्यावर राहतं. ब्रँड नोंदवलेला असेल तर मालकाच्या माहितीला जास्त वजन मिळतं.

पोळपाटाचे तारे यानंतर घसरतात. हजारो रिव्ह्यूंच्या जागी अकरा उरतील, 4.3 च्या जागी कदाचित 3.6. विक्री काही आठवडे मंदावेल, म्हणून बरेच जण हे काम टाळतात. पण त्या अकरांत तिघांनी लिहिलेलं असतं की पोळपाटाचा एक पाय डुगडुगतो, आणि दुकानदाराला सुताराकडे न्यायला ती तक्रार आता कुठे हाती लागते.