मराठी कानाला बरोबर, परीक्षकाला चूक

‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.’ या वाक्यात खटकण्यासारखं काही नाही, असं बहुतेकांना वाटेल. आपण ‘प्रश्नाबद्दल’ चर्चा करतो, मग ‘अबाउट’ असणारच. एसएससी सीजीएल किंवा बँकेच्या पीओ परीक्षेत हेच वाक्य आलं, तर चूक नेमकी ‘अबाउट’मध्येच असते.

एरर स्पॉटिंगच्या प्रश्नात एक वाक्य तीन-चार तुकड्यांत दिलेलं असतं. चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचं; चूक नसेल तर ‘नो एरर’ निवडायचं. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. म्हणजे नुसत्या अंदाजाचीही किंमत मोजावी लागते. क्रियापद किंवा विशेषणानंतरचं प्रिपोझिशन ही या प्रश्नांतली परीक्षकाची आवडती जागा. कारण इथे अर्थ कुठे बिघडत नाही; वाक्य समजतं, पण प्रमाण इंग्रजीत ते तसं लिहीत नाहीत.

मराठीत नाम आणि क्रियापद यांचं नातं प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सांगतात. आपण पुण्याला पोहोचतो, शत्रूवर हल्ला करतो, खोलीत शिरतो, कुणाशी लग्न करतो. ही ‘ला, वर, त, शी’ डोक्यात इतकी पक्की असतात की इंग्रजी लिहिताना त्यांच्या जागी आपोआप एकेक प्रिपोझिशन येऊन बसतं. ‘रीच्ड टू पुणे’, ‘अटॅक्ड ऑन द एनिमी’, ‘एन्टर्ड इनटू द रूम’, ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ ही सगळी मराठी वळणाची इंग्रजी. पहिल्या तिन्हींत इंग्रजी क्रियापद कर्म थेट घेतं, मध्ये काहीच लागत नाही. चौथ्यात लग्न ‘करण्याची’ क्रिया असेल तर ‘मॅरीड अ डॉक्टर’, आणि लग्न झालेलं ‘असणं’ सांगायचं असेल तर ‘इज मॅरीड टू अ डॉक्टर’. ‘विथ’ दोन्हीकडे नाही.

प्रिपोझिशन न घेणाऱ्या क्रियापदांत डिस्कस, रीच, अटॅक, रिझेम्बल, अकंपनी, लॅक, व्हायोलेट, एम्फसाइज, इन्व्हेस्टिगेट ही पुन्हापुन्हा दिसतात. घोळ होतो तो यातल्या बऱ्याच क्रियापदांच्या नामांना मात्र प्रिपोझिशन लागतं म्हणून. ‘डिस्कस द प्रॉब्लेम’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. ‘एम्फसाइज डिसिप्लिन’, पण ‘एम्फसिस ऑन डिसिप्लिन’. ‘इन्व्हेस्टिगेट द केस’, पण ‘ॲन इन्व्हेस्टिगेशन इनटू द केस’. ‘अटॅक’ आणि ‘लॅक’ यांचं तर नाम आणि क्रियापद दिसायलाही एकच: ‘दे अटॅक्ड द कॅम्प’, पण ‘ॲन अटॅक ऑन द कॅम्प’, ‘ही लॅक्स करेज’, पण ‘अ लॅक ऑफ करेज’. म्हणून शब्द ओळखीचा वाटला तरी तो या वाक्यात नाम आहे की क्रियापद, हे आधी पाहावं लागतं. नुसती शब्दांची यादी पाठ करणारा इथेच फसतो.

विशेषणांत पहिला नंबर ‘सीनियर’चा. आपण ‘माझ्यापेक्षा’ म्हणतो आणि ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे शाळेपासून ठसलेलं. म्हणून ‘सीनियर दॅन मी’ लिहिलं जातं. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आले आणि तिथे ते मुळातच तुलनादर्शक होते. इंग्रजीत त्यांना ‘दॅन’ नाही, ‘टू’ लागतं. ‘प्रायर’चंही तसंच. दुसरं उदाहरण ‘गुड’चं. आपण गणितात हुशार असतो, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’ तोंडात येतं. परीक्षेला ‘गुड ॲट’ हवं असतं. अभिनंदन यशाबद्दल करतो म्हणून ‘काँग्रॅच्युलेट फॉर’ सुचतं, तिथे ‘ऑन’ हवं.

आणखी एक सापळा ‘टू’चा. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ हे वाक्य कानाला बरोबर वाटतं, कारण ‘टू’नंतर मूळ क्रियापद यायची सवय असते. पण इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे. ओळखायची सोपी रीत अशी: ‘टू’नंतर क्रियापदाऐवजी एखादं नाम ठेवून पाहायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ चालतं, म्हणून क्रियापदाला ‘आयएनजी’ लागेल: ‘टू मीटिंग यू’. याउलट ‘आय वाँट टू द मीटिंग’ चालत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’ बरोबर. ‘अकस्टम्ड टू’, ‘ॲडिक्टेड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ यांची गत ‘लुक फॉरवर्ड टू’सारखीच.

आता एक वाक्य परीक्षेच्या थाटात सोडवू. (अ) ही इज सीनियर टू मी बाय टू इयर्स / (ब) अँड हॅज ऑलवेज इन्सिस्टेड / (क) टू चेक एव्हरी फाइल हिमसेल्फ / (ड) नो एरर.

घाईत असलेला उमेदवार (अ)वर थांबतो, कारण त्याला ‘टू मी’ खटकतं. पण ‘सीनियर टू’ बरोबरच आहे. तो तुकडा लक्ष वेधायला ठेवलेलं आमिष आहे. पुढे ‘इन्सिस्टेड’ येतं. हे क्रियापद ‘ऑन’ मागतं आणि प्रिपोझिशननंतर क्रियापदाला ‘आयएनजी’ लागतं. म्हणून ‘टू चेक’च्या जागी ‘ऑन चेकिंग’ हवं, चूक (क)मध्ये. परीक्षकाने क्रियापद एका तुकड्यात आणि त्याची चूक पुढच्या तुकड्यात ठेवली, हे लक्षात घ्यायला हवं. प्रत्येक तुकडा सुटा वाचला तर ही चूक दिसतच नाही.

अंतर वाढवण्याची दुसरी युक्ती म्हणजे दोन शब्दांना एकच प्रिपोझिशन देणं. ‘ही इज सीनियर अँड मोर एक्सपिरियन्स्ड दॅन मी’ यात ‘दॅन’ फक्त ‘मोर एक्सपिरियन्स्ड’ला लागू पडतं, ‘सीनियर’ उघडा राहतो. बरोबर वाक्य ‘सीनियर टू, अँड मोर एक्सपिरियन्स्ड दॅन, मी’. तिसरी युक्ती ‘विच’ वापरून प्रिपोझिशन गाळण्याची. ‘द रूल्स विच वी मस्ट अबाइड आर सिंपल’ यात ‘अबाइड’चं ‘बाय’ हरवलं आहे.

तयारीसाठी रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातली प्रिपोझिशनची लांबलचक यादी बरेच जण घोकतात. त्यापेक्षा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी अधिक उपयोगी पडते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना या कोशाचं मूळ काम केलं. १९४२ मध्ये तो तिथे छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. परभाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यासाठीच तो रचलेला असल्याने शब्दाचा अर्थ सांगून तो थांबत नाही, शब्दापुढे काय येतं तेही दाखवतो.

काही जागी दोन्ही रूपं चालतात. ‘डाय ऑफ’ आणि ‘डाय फ्रॉम’ दोन्ही लिहिले जातात. ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत रुळलेलं आहे. ‘एन्टर इनटू’ खोलीला चुकीचं असलं तरी कराराला बरोबर, ‘एन्टर्ड इनटू ॲन अग्रीमेंट’. असा शब्द दिसला तर लगेच खूण करू नये, आधी बाकीचे तुकडे तपासावेत. वाद होईल अशा जागेपेक्षा दुसरीकडे ठळक चूक असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक क्रियापद आणि विशेषण शोधून त्याचं प्रिपोझिशन तपासलं, ‘टू’ची परीक्षा घेतली, कर्ता-क्रियापद आणि काळ पाहिले, आणि तरीही काही सापडलं नाही, तर ‘नो एरर’ निवडायला कचरू नये. तोही प्रश्नातला खराखुरा पर्याय आहे.