स्वरांची स्थलांतरे : ओढसाखळी व ढकलसाखळी

भाषेतील एक स्वर स्थान बदलतो, तेव्हा शेजारचा स्वरही पुष्कळदा बदलतो. अशा परस्परसंबद्ध बदलांस साखळी म्हणतात. पुढील आकृतीत डावी बाजू ओठांकडील, उजवी घशाकडील. वरच्या ओळीत जीभ उंच, खालच्या ओळीत सखल.

```
  इ              उ
     ए   अ   ओ
         आ

  आइ ──▶ अइ ──▶ ए
```

पहिला स्वर आपली जागा सोडून गेला आणि रिकाम्या जागेत मागचा ओढला गेला, तर ती ओढसाखळी. मागचा स्वर आधी सरकला आणि दोन्ही एकरूप होण्याचे संकट टाळण्यासाठी पुढचा निसटला, तर ती ढकलसाखळी. आंद्रे मार्टिने यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात या भेदाचा विस्ताराने विचार केला.

संस्कृतातील 'ए' व 'ऐ' हे याचे उत्तम उदाहरण होय. ने + अन यांपासून 'नयन' होते, तर नै + अक यांपासून 'नायक'. पहिल्यात 'अय्' व दुसऱ्यात 'आय्' प्रकट होतो. अर्थात 'ए' हा मूळचा 'अइ' आणि 'ऐ' हा मूळचा 'आइ' होता. इसवी सनापूर्वी सुमारे चौदाव्या शतकातील, किक्कुली नामक अश्वशिक्षकाच्या मृत्तिकालेखात 'एक' या अर्थी 'अइक' आढळतो. तो याच जुन्या अवस्थेचा साक्षी आहे. पुढे 'अइ' एकजीव होऊन 'ए' झाला आणि 'आइ' आखूड होऊन 'अइ' बनला. कात्यायनाच्या काळी 'ऐ'मधील उत्तर भागच अधिक असल्याचे वैयाकरणांनी नोंदविले होते.

आता क्रम कोणता? 'अइ' आपल्या जागी असतानाच 'आइ' आखूड झाला असता, तर दोन्ही एक झाले असते आणि 'नयन' व 'नायक' यांमागील भेद संस्कृताने राखला नसता. तो राहिला; म्हणून जागा आधी रिकामी झाली, म्हणजेच ही ओढसाखळी, असे मानणे सयुक्तिक ठरते. तथापि हा निर्णय संभाव्यतेचा आहे. दोन्ही स्वर एकाच वेळी, अंतर राखून सरकले असते, तरी शेवटी हेच चित्र दिसले असते. मधल्या अवस्थेचा पुरावा मिळाल्यासच निःसंदिग्ध निवाडा होतो.

प्रत्येक बदल साखळी नसतो. प्राकृतात 'ऐ' 'ए'मध्येच मिसळला. 'तैल'चे 'तेल्ल', पुढे 'तेल' झाले. येथे पुढचा स्वर हलला नाही, म्हणून हे केवळ विलीनीकरण. अशा रीतीने मोकळ्या झालेल्या जागा मात्र पुढे नव्या संयुक्त स्वरांनी भरल्या. 'चतुष्क'मधील 'त' गळून 'चउक्क' व त्यावरून 'चौक' आला.

रायपूरच्या छत्तीसगढी बोलीत आजही 'पइसा' असा उच्चार ऐकू येतो, आणि मराठी 'पैसा'मध्येही 'अइ' स्पष्ट असतो. प्रमाण हिंदीत मात्र त्याचा बहुधा एकच दीर्घ स्वर झाला आहे. तो 'ए'पेक्षा अधिक विवृत असल्याने दोन्ही वेगळे राहतात. येथे 'ए' जागचा हललेला नाही, म्हणून यास अद्याप साखळी म्हणता येत नाही.