मराठी अंकांतली जन्मतारीख एक्सेलमध्ये आणताना

जनरल रजिस्टरवरून टाईप केलेली विद्यार्थ्यांची यादी आपल्याकडे बहुधा मराठी अंकांत असते. ऑनलाईन फॉर्म मात्र 0 ते 9 हेच अंक घेतो. यादी एक्सेलमध्ये उघडली की आधी बघा, अंक खान्यात डावीकडे चिकटलेत का. चिकटले असतील (आणि कुणी मुद्दाम तसे लावले नसतील) तर एक्सेल त्यांना मजकूर समजतंय. गुणांच्या अशा रकान्याची SUM काढली तर उत्तर 0 येतं.

गुणांचं सोपं आहे. रकाना निवडा, Ctrl+H दाबा, Find what मध्ये ० आणि Replace with मध्ये 0 टाकून Replace All करा. मग १ साठी 1, असं ९ पर्यंत दहा वेळा. क्रम कोणताही चालतो. रकाना निवडायला विसरू नका, नाहीतर पूर्ण शीटमधले अंक बदलतील.

खरी गडबड होते ती तारखांत. समजा एका मुलीची तारीख ०५/०६/२०१४ आहे, म्हणजे ५ जून. शेवटचा मराठी अंक बदलला की एक्सेलला ती तारीख वाटते आणि ते लगेच तिचं रूपांतर करतं. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर महिना आधी धरला जातो आणि मुलगी ६ मे ची होते! कुठलीही सूचना येत नाही. त्याच रकान्यातली २५/०६/२०१४ मात्र मजकूरच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की गडबड झाली असं समजा.

यावर उपाय असा: अंक बदलण्याआधीच तो रकाना Text करून घ्या. मग दहा वेळा Replace करा, तारखा जशाच्या तशा राहतील. त्यानंतर Data मधल्या Text to Columns मध्ये जा, तिसऱ्या पायरीवर Date निवडून DMY घ्या आणि Finish करा. बँक खाते क्रमांकाचा रकानाही आधी Text च हवा. नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि पंधरा अंकांपुढचे अंक तर शून्यच होऊन बसतात.

हे झालं टाईप केलेल्या यादीचं. हाताने लिहिलेल्या रजिस्टरवरून थेट भरताना डोळा फसतो. मराठी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो, ७ हा 6 सारखा, ४ हा 8 सारखा. इंग्रजी माध्यमातून आलेल्या पालकांचं तर हमखास असं होतं. कुणी वाचून सांगत असेल तर 'एकोणसत्तर' न म्हणता 'सहा, नऊ' म्हणायला सांगा. शंका आलीच तर रजिस्टरमध्ये जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते. तिथे 'नऊ जानेवारी' असेल तर अंक कितीही १ सारखा दिसो, तो ९ च.