फोन कोणाचा, ते कानाला कळायला हवं

भारतात मोबाइलची रिंग किती वेळ वाजावी, हे ‘ट्राय’ने ठरवून दिलेलं आहे. कॉल उचलला किंवा कापला नाही, तर ती ३० सेकंद वाजते. लँडलाइनसाठी ही मुदत ६० सेकंदांची आहे. २०१९ साली मोबाइल कंपन्यांनी आपसातल्या चढाओढीत ती २५ सेकंदांपर्यंत खाली आणली होती. त्यानंतर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हा नियम आला. आवडत्या गाण्याची रिंगटोन करायला बसलेल्या माणसाने आधी हा आकडा ध्यानात घ्यावा. साडेचार मिनिटांचं गाणं जसंच्या तसं लावलं, तर वाजतो तो फक्त सुरुवातीचा वाद्यमेळ. मुखडा येईपर्यंत कॉल तुटलेला असतो.

म्हणून गाण्याचा तुकडा कापावा लागतो. तो नीट कापला आणि वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळा लावला, तर स्क्रीनकडे न बघता फोन कोणाचा ते कळतं. ज्यांची नजर अधू आहे, ज्यांचे हात कणकेत आहेत किंवा जे स्कूटरवर आहेत, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

समजा, साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या एका आजींचा अँड्रॉइड फोन आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीनवरचं नाव वाचता येत नाही. मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत, शेजारी एक काकू आणि एक नेहमीचे डॉक्टर. या चौघांना चार वेगळ्या टोन आणि बाकी सगळ्यांना फोनची साधी रिंग, एवढंच करायचं. याहून जास्त टोन लावल्या की कोणती कोणाची, हेच विसरायला होतं.

मुलासाठी आजींनी निवडलंय एक जुनं भावगीत. गाण्याची फाइल मात्र फोनमध्ये हवी. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं इथे चालत नाही, कारण ते कुलूपबंद स्वरूपात साठवलेलं असतं आणि त्या अ‍ॅपबाहेर उघडतच नाही. विकत घेतलेली किंवा घरच्या सीडीवरून उतरवलेली एमपी३ फाइल असेल, तर काम सोपं होतं.

रिंगटोन कापायच्या अ‍ॅपमध्ये ती फाइल उघडली की गाण्याचा आवाज वरखाली होणाऱ्या रेघांच्या पट्ट्यासारखा दिसतो. त्यावर दोन खुणा सरकवता येतात, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. आजींच्या गाण्यात मुखडा समजा ४२व्या सेकंदाला सुरू होतो. पहिली खूण बरोबर तिथे ठेवली, तर पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर बहुतेक वेळा अर्धवट तुटतं. ती किंचित मागे, पाव सेकंद अलीकडे ठेवली की शब्द पुरा ऐकू येतो. पहिल्या दोन सेकंदांत गाणं ओळखू यायला हवं, त्यामुळे या पाव सेकंदासाठी तीनचारदा ऐकून बघणं सार्थकी लागतं.

शेवटची खूण तर याहून महत्त्वाची. तुकडा संपला की फोन तो पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. केहरव्यातल्या गाण्याची एक ओळ दोन आवर्तनांत, समजा आठ सेकंदांत, पुरी होत असेल, तर तुकडा दुसरं आवर्तन जिथे संपतं नेमका तिथे तोडावा. मग पुढची ओळ पुन्हा समेवरच उचलली जाते, ठेका मोडत नाही आणि अर्ध्या मिनिटात मुखडा तीन-चार वेळा सलग ऐकू येतो. खूण मधल्याच एखाद्या मात्रेवर पडली, तर दर आठ सेकंदांनी ठेका अडखळतो आणि तो अडखळा कानाला फार खुपतो.

कोणतं गाणं टोन म्हणून चालेल, हे फोनच्या छोट्याशा स्पीकरवरही अवलंबून असतं. खालचे, खर्जातले आवाज त्याला पेलत नाहीत. तबल्याची चाटी ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा हरवतो. बासरीचे वरचे सूर, सनई, पेटी, टाळ आणि बायकांचा चढा आवाज खोलीपलीकडूनही ओळखू येतो. आजींच्या काकूंना टाळांच्या ठेक्यावरचं भजन आणि डॉक्टरांना सनई लावावी; दोन्हीत गल्लत होणार नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज बारीक वाटला, तर काही अ‍ॅपमध्ये तो वाढवता येतो. पण फार वाढवला की आवाज फाटतो. परीक्षा स्वयंपाकघरात घ्यावी: नळ सोडून, फोन बाहेरच्या खोलीत ठेवून, दुसऱ्या फोनवरून कॉल करायचा.

कापलेला तुकडा फोनच्या साठवणीतल्या `Ringtones` या फोल्डरमध्ये ठेवला की तो टोनच्या यादीत दिसू लागतो. मग गूगलच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये मुलाचं नाव उघडायचं, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायचे आणि `Set ringtone` निवडायचं. सॅमसंगच्या फोनमध्ये ही सोय नाव बदलण्याच्या पेन्सिलमागे, आणखी तपशील उघडल्यावर सापडते. टोन नंबराला नाही, नावाला लागते. मुलाचे दोन नंबर एकाच नावाखाली असतील, तर दोन्हींवर तेच भावगीत वाजतं.

आयफोनमध्ये टोन अशीच नावाला लावता येते, पण ती बनवण्यासाठी बहुतेक जण गॅरेजबँड हे अ‍ॅप वापरतात आणि तिथे तुकड्याची मर्यादा ३० सेकंदांची असते.

आजींच्या फोनमध्ये पहिली अडचण येते ती काकूंच्या नावाला. टोन लावायचा पर्यायच दिसत नाही, कारण त्यांचा नंबर सिमकार्डवर साठवलेला आहे. सिमवर नाव आणि नंबर यांपलीकडे फारसं काही मावत नाही, टोन तर नाहीच. तो नंबर फोनमध्ये किंवा गूगल खात्यात उतरवून घेतला आणि सिमवरची जुनी नोंद काढून टाकली की प्रश्न सुटतो. दोन्ही नोंदी राहू दिल्या, तर कधी भजन वाजतं आणि कधी साधी रिंग.

दुसरी अडचण दुबईच्या मुलीची. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन करते आणि कॉन्टॅक्ट्समध्ये लावलेली टोन त्या कॉलला लागू होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिचं नाव उघडून, सूचनांच्या सेटिंगमध्ये, तोच तुकडा कॉलसाठी पुन्हा निवडावा लागतो. घरोघरी ‘टोन लावली पण वाजत नाही’ ही तक्रार ऐकू येते, तेव्हा सगळ्यात आधी हेच तपासावं. त्यानंतर पाहावं ते फाइल जागेवर आहे का. फोनमधली जागा मोकळी करताना कोणी `Ringtones` फोल्डर साफ केला, तर फोन काहीही न सांगता पुन्हा साध्या रिंगवर येतो. चारही नावांना अचानक एकच रिंग वाजू लागली, तर बहुधा हेच झालेलं असतं.

फोन बदलतानाही ही जुळणी बऱ्याचदा मागे राहते. गूगल खात्यातून नावं आणि नंबर नव्या फोनवर येतात, पण कोणत्या नावाला कोणती टोन, ही माहिती त्या खात्यात नसते. म्हणून चारही तुकडे पेनड्राइव्हवर किंवा मुलाच्या फोनमध्ये ठेवावेत, फाइलींना ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘काकू’, ‘डॉक्टर’ अशीच नावं द्यावीत, आणि नवा फोन हातात आला की कॉन्टॅक्ट्स व व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडे त्या पुन्हा लावून घ्याव्यात.