तीन यात्रा, एक उतारा आणि चार प्रश्न

वेगवेगळ्या धर्मांतील यात्रांची तुलना करणारा उतारा आकलनासाठी दिला जातो, तेव्हा त्यात माहिती किती आहे यापेक्षा तुलना कोणत्या निकषावर केली आहे हे आधी पाहावे लागते. देव वेगळे, वेश वेगळे, गाव वेगळे, एवढीच नोंद केली तर दोन याद्या शेजारीशेजारी मांडल्या जातात; तुलना होत नाही. तीनही यात्रांना लावता येईल असा एकच प्रश्न धरावा लागतो. यात्रेच्या बाबतीत असा एक चांगला प्रश्न आहे : काय चुकले तर यात्रा झाली असे म्हणता येत नाही? खालचा उतारा याच प्रश्नाभोवती रचलेला आहे.

उतारा

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरात असणे हे आषाढी वारीचे ध्येय. ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकाराम महाराजांची आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. वारकरी दिंड्यांतून सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. चालण्याची सक्ती कोणी करत नाही. एसटीने किंवा रेल्वेने एकादशी गाठणाराही वारीला आला असेच म्हणतात. तुळशीची माळ घातलेला वारकरी मात्र दर वर्षी वारी चुकू नये म्हणून जपतो. पंढरीत चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा होते. रांगेमुळे विठ्ठलाच्या पायांपर्यंत जाता आले नाही, तर पुष्कळ जण कळसाला हात जोडून परततात आणि वारी पोहोचली असे मानतात.

हज ही ऐपत आणि प्रकृती असलेल्या मुस्लिमावर आयुष्यात एकदा फर्ज आहे. ती जिलहिज महिन्याच्या ८ ते १२ किंवा १३ तारखेपर्यंत चालते. पुरुष एहरामची दोन बिनशिवलेली वस्त्रे नेसतात. काबागृहाभोवती सात फेरे आणि सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात खेपा होतात. तरीही हजचा गाभा ९ तारखेला आहे. त्या दिवशी अराफातच्या मैदानात थांबून प्रार्थना करायची असते. कोणी उशिरा पोहोचला तरी १० तारखेच्या पहाटेपूर्वी तेथे हजर असावे लागते. हे चुकले तर त्या वर्षीची हज होत नाही. इतर काही विधी राहिले, तर कुर्बानी देऊन त्यांची भरपाई करता येते. मुस्लिम कालगणना शुद्ध चांद्र असल्याने हज दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. हिंदू पंचांगात हा फरक अधिक महिना धरून भरून काढतात.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे संत याकोबाची कबर आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तिकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी फ्रान्सच्या सीमेपासूनची वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे. ही यात्रा कोणत्याही ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही आणि ती वर्षात केव्हाही करता येते. यात्रेकरू जवळ एक पुस्तिका ठेवतो व वाटेतल्या चर्चमध्ये, धर्मशाळेत तिच्यावर शिक्का घेतो. किमान १०० किलोमीटर चालून किंवा २०० किलोमीटर सायकलने आलेल्यास चर्चकडून प्रमाणपत्र मिळते. मोटारीने आलेल्यालाही कबरीचे दर्शन घेता येते. प्रमाणपत्र मात्र मिळत नाही.

प्रश्न

१. ठरलेल्या तिथीशी किंवा तारखेशी बांधलेल्या यात्रा कोणत्या?

२. 'तिन्ही यात्रांत वाट चालण्याला सारखेच महत्त्व आहे.' हे विधान उताऱ्याच्या आधारे बरोबर की चूक? कारण लिहा.

३. एका वारकऱ्याला गर्दीमुळे मूर्तीचे दर्शन झाले नाही. एका हाजीने काबाचे फेरे पूर्ण केले, पण आजारपणामुळे तो अराफातला पोहोचू शकला नाही. कोणाची यात्रा पूर्ण झाली?

४. हज कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात येते. आषाढी वारी मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीलाच येते. असे का?

पहिला प्रश्न माहिती शोधण्याचा आहे. वारी आणि हज हे उत्तर उताऱ्यात सरळ सापडते आणि त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

दुसऱ्यात 'सारखेच' हा शब्द पकडायचा. सांतियागोला मोटारीने आलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही. वारीत चालणे हा यात्रेचा प्राण असला तरी त्याची सक्ती नाही. हजमध्ये फेरे आणि खेपा आहेत, पण मक्केपर्यंत माणूस कसा आला याला उतारा महत्त्व देत नाही. म्हणून विधान चूक. बहुतेकांचे उत्तर येथे अर्धवट राहते. 'चूक' लिहून ते थांबतात किंवा वारीचे एकच उदाहरण देतात. विधान तिन्ही यात्रांबद्दल आहे, तेव्हा कारणातही तिन्ही यात्रा यायला हव्यात.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्याचे उत्तर एका वाक्यात दिलेले नाही. वारकऱ्यासाठी उताऱ्यातले कळसदर्शनाचे वाक्य घ्यायचे. हाजीसाठी दोन वाक्ये जोडावी लागतात : अराफात चुकले तर हज होत नाही, आणि भरपाई होते ती 'इतर काही' विधींची. यातले दुसरे वाक्य वाचून पहिले विसरणारा 'कुर्बानी दिली की झाले' असे लिहितो. आजारपणाचा उल्लेखही चकवणारा आहे. हाजीबद्दल सहानुभूती वाटते आणि 'मन शुद्ध असल्याने यात्रा पूर्णच' असे उत्तर लिहिण्याचा मोह होतो. हे मत कोणाचे असू शकते, पण उताऱ्याचे नाही. बरोबर उत्तर असे : वारकऱ्याची वारी परंपरेप्रमाणे पूर्ण झाली, हाजीची त्या वर्षीची हज झाली नाही.

अशा उताऱ्यांवर बहुपर्यायी प्रश्न आले, तर 'सर्व धर्मांचा संदेश एकच आहे' यासारखा एक गोड पर्याय बहुधा असतो. तो कानाला बरा लागतो, पण या उताऱ्यातून तो निघत नाही. उलट चूकही तितकीच सहज होते : एका यात्रेवरून सगळा धर्म ठरवायचा. सांतियागोची वाट वाचून 'ख्रिस्ती यात्रेत चालावेच लागते' असे लिहिणारा वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला रेल्वेने, बसने जाणारे भाविक विसरतो. वारीवरून काशीयात्रेचे नियम सांगता येत नाहीत आणि अजमेरच्या दर्ग्याला जाणे म्हणजे हज नव्हे. उतारा तीन यात्रांबद्दल बोलतो. उत्तरही तेवढ्याच तीन यात्रांबद्दल असावे.

चौथ्या प्रश्नात उताऱ्यातले कारण पूर्ण साखळीने मांडायचे असते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. मुस्लिम कालगणनेत तो फरक तसाच राहतो, म्हणून हज सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. हिंदू पंचांगात अधिक महिना येत असल्याने आषाढ जून-जुलैच्या आसपासच राहतो. 'पंचांग वेगळे आहे' एवढेच लिहिले तर उत्तर अर्धे ठरते. अधिक महिन्याचा उल्लेख आला तरच ते पूर्ण होते.