साठ गुणांची रेषा

रक्ताचा थेंबही न घेता मधुमेहाचा संशय घेता यावा, म्हणून चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधी गुणपद्धती मांडली. तिच्यात वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्या चारच गोष्टी पाहतात. समजा, एका बाईंचं वय ५२, कंबर ९२ सेंटिमीटर, काम बैठं, व्यायाम नाही आणि वडिलांना मधुमेह. वयाचे ३०, कमरेचे २०, बैठेपणाचे ३० आणि वडिलांचे १० मिळून त्यांचे ९० गुण झाले. कमाल गुण १००. आता किती गुणांपासून पुढच्या माणसाला रक्त तपासायला पाठवायचं?

३० ला रेषा ओढली तर फारसे रुग्ण निसटणार नाहीत, पण धडधाकट माणसांचीही प्रयोगशाळेत रीघ लागेल. ८० ला ओढली तर धडधाकट माणसांची धावपळ वाचेल, पण कितीतरी रुग्ण ‘तुम्हाला काही नाही’ असं ऐकून घरी जातील. मधुमेही आणि निरोगी या दोघांचेही गुण एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे त्यांना स्वच्छ वेगळं करणारी रेषा मिळतच नाही.

आरओसी आलेख ही ओढाताण एका कागदावर दाखवतो. प्रत्येक संभाव्य रेषेसाठी दोन आकडे काढायचे: खऱ्या रुग्णांपैकी किती टक्के पकडले गेले, तो उभ्या अक्षावर, आणि निरोगी लोकांपैकी किती टक्क्यांवर उगाच संशय घेतला गेला, तो आडव्या अक्षावर. चेन्नईच्या अभ्यासात ६० किंवा जास्त गुण ही रेषा धरल्यावर ७२.५ टक्के मधुमेही सापडले आणि सुमारे ४० टक्के निरोगी लोकही संशयितांत आले. म्हणून आलेखावर आडवे ४० आणि उभे ७२.५ असा एक ठिपका पडतो. रेषा खाली आणली की ठिपका वर आणि उजवीकडे सरकतो. रेषा वर नेली की खाली आणि डावीकडे. सगळे ठिपके जोडले की वक्र तयार होतो. चाचणीला काहीच कळत नसेल, तर हा वक्र कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी सरळ रेषा होतो. तो डाव्या वरच्या कोपऱ्याकडे जितका फुगेल, तितकी चाचणी चांगली. ही पद्धत मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून आली. पडद्यावरची खूण विमानाची की नुसत्या गोंगाटाची, हा तिथला प्रश्न होता.

वक्राखालचं क्षेत्रफळ एका आकड्यात सांगतात. या गुणपद्धतीसाठी ते ०.६९८ आलं. याचा अर्थ ‘चाचणी ७० टक्के अचूक’ असा घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे. खरा अर्थ असा, की एक मधुमेही आणि एक निरोगी अशी कोणतीही जोडी उचलली, तर शंभरातल्या सुमारे सत्तर जोड्यांत मधुमेह्याचे गुण जास्त निघतील. नुसती नाणेफेक केली तरी पन्नास जोड्या बरोबर येतात.

आपल्याला मात्र वेगळंच कळायला हवं असतं: माझे गुण ६० च्या वर आले, तर मला मधुमेह असण्याची शक्यता किती? वक्र हे सांगत नाही, कारण समाजात रोग किती पसरला आहे हे त्यात कुठेच नसतं. हजार लोकांत १०० जणांना निदान न झालेला मधुमेह आहे असं धरू. त्यांतले सुमारे ७२ सापडतील. उरलेल्या ९०० निरोगी लोकांतले ३६० जणही रेषेच्या वर जातील. म्हणजे ४३२ संशयितांत खरे रुग्ण ७२, सहांमागे एक. हीच चाचणी हजारात वीसच मधुमेही असलेल्या वस्तीत वापरली, तर चारशेहून अधिक संशयितांत खरे रुग्ण चौदा-पंधरा निघतील. वक्र तोच राहिला, तरी हाती आलेलं उत्तर पार बदललं.

रेषा कुठे ओढायची, हे पुढच्या तपासणीवर ठरायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. इथे पुढची पायरी साखरेची स्वस्त तपासणी आहे, त्यामुळे ३६० जणांना उगाच बोलावणं परवडतं. पुढची पायरी अवयवात सुई घालून तुकडा काढण्याची असती, तर परवडलं नसतं. तिरक्या रेषेपासून सर्वांत दूरचा ठिपका निवडण्याची एक रूढ रीत आहे. ती रुग्ण निसटण्याचा आणि निरोगी माणूस उगाच संशयात सापडण्याचा दर एकाच तराजूत तोलते. आजारात हे दोन तोटे क्वचितच सारखे असतात.

एखाद्या नव्या चाचणीचं क्षेत्रफळ ०.९५ असल्याचं वाचलं, तर ती कुणावर तपासली हे आधी बघावं. एका बाजूला रुग्णालयात दाखल झालेले, रोग बळावलेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला तरणीताठी निरोगी मुलं घेतली, तर कोणतीही चाचणी त्यांना सहज वेगळं करते आणि वक्र छान फुगतो. शिबिरात येणारी माणसं मात्र या दोन टोकांच्या मधली असतात. रोग असेल तर नुकताच सुरू झालेला, आणि नसेल तरी वय, पोट, थकवा सगळं रुग्णासारखंच. दुसरी फसगत निदानात होते. संशयित ठरलेल्यांचीच पक्की तपासणी केली आणि बाकीच्यांना निरोगी धरून टाकलं, तर निसटलेले रुग्ण मोजदादीत येतच नाहीत आणि चाचणी आहे त्यापेक्षा तरबेज दिसते.